रस्ता नऊ मीटरचा, की आठचा?

सकाळी सहाला गल्ली मोकळी असते. दूधवाला येऊन गेलेला, शाळेच्या रिक्षा अजून यायच्या. अशा वेळी सोसायटीचे सचिव, एक निवृत्त ओव्हरसियर आणि तिसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा तीस मीटरची स्टीलची टेप घेऊन कंपाउंडच्या भिंतीपाशी उभे राहतात. मुलगा पलीकडे जातो आणि समोरच्या भिंतीला टेप टेकवतो. ओव्हरसियर टेप ताणून आकडा वाचतात आणि सचिव वहीत लिहून घेतात : सात मीटर अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. मंजूर नकाशावर याच ठिकाणी ‘९.०० मी. रुंद रस्ता’ असं छापलेलं आहे.

ही सोसायटी प्रातिनिधिक आहे. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही महानगरपालिकेच्या हद्दीत, ऐंशीच्या दशकात पडलेल्या कुठल्याही रेखांकनात ती सापडेल. चोवीस मीटर दर्शनी बाजू, पंचवीस मीटर खोली, म्हणजे सहाशे चौरस मीटरचा भूखंड. इमारत जुनी झाली, पुनर्विकासाची चर्चा सुरू झाली, आणि पहिल्याच बैठकीत विकसकाच्या आर्किटेक्टने विचारलं, “समोरचा रस्ता किती मीटरचा?” कुणी म्हणालं तीस फुटी, कुणी म्हणालं नऊ मीटर. खात्रीने मात्र कुणालाच सांगता येईना.

या एका आकड्यावर किती अवलंबून आहे ते आधी पाहायला हवं. मुंबई महापालिका आणि आणखी काही क्षेत्रं वगळता राज्यभर लागू असलेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. तिच्या तक्त्यानुसार महानगरपालिकेच्या दाट वस्तीबाहेरच्या भागात, भूखंडासमोरचा रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर चटई क्षेत्र निर्देशांक म्हणजे एफएसआय १.१० वरच थांबतो. रस्ता नऊ ते बारा मीटरच्या दरम्यान असेल, तर अधिमूल्य भरून मिळणारा एफएसआय आणि विकत घेतलेला टीडीआर धरून तो २.०० पर्यंत जातो. नियमावलीत अधूनमधून दुरुस्त्या होतात, त्यामुळे अर्ज करतेवेळचा तक्ता पाहावा लागतो. पण पायरी नऊ मीटरला आहे, हे या साऱ्या कथेचं मूळ. आपल्या सोसायटीचं निव्वळ क्षेत्र ५८८ चौरस मीटर धरलं (सहाशेचे ५८८ कसे झाले ते पुढे येईल), तर १.१० ने ६४७ चौरस मीटर बांधकाम होतं आणि २.०० ने ११७६. अनुषंगिक क्षेत्र त्यावर वेगळं. रस्त्याच्या एका मीटरपायी सव्वापाचशे चौरस मीटरहून जास्त बांधकामाचा फरक पडतो. पहिल्या आकड्यात विकसक फिरकत नाही. दुसऱ्यात राहत्या सभासदांना थोडी मोठी घरं मिळून प्रकल्पही उभा राहतो.

हा पेच नवा नाही. टीडीआर वापरायचा तर रस्ता किमान नऊ मीटरचा हवा, ही अट राज्य शासनाच्या २०१६ च्या टीडीआर नियमांतही होती. पुण्यात सहा मीटरच्या रस्त्यांवरच्या शेकडो जुन्या सोसायट्या तिथेच अडकल्या. २०२० मध्ये पुणे महापालिकेने महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातल्या कलम २१० चा आधार घेऊन शहरातले तीनशेहून अधिक सहा मीटरी रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला. त्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या आणि बराच वाद झाला. त्या वेळी अनेकांना पहिल्यांदा कळलं की रस्त्याची रुंदी ही नुसती डोळ्यांनी दिसणारी गोष्ट नाही, ती कागदावर आखलेली एक रेषा असते.

खरं तर अशा रेषा एकाहून जास्त असतात, आणि गोंधळाचं कारण तेच आहे. शहराच्या विकास आराखड्यात एक रुंदी लिहिलेली असते. कलम २१० खाली आयुक्तांनी ठरवलेली रस्त्याची नियमित रेषा वेगळी असू शकते. मंजूर रेखांकनात, म्हणजे ज्या लेआउटमधून भूखंड पाडले गेले त्यात, तिसरा आकडा असतो. आणि जागेवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत, चौथा. सोसायटी म्हणते रस्ता आठ मीटरचा आहे, कार्यालय म्हणतं नऊचा आहे, आणि दोघंही खरं बोलत असतात. पालिकेला पत्र लिहायचं ते या आकड्यांतला कुठला कशाशी जुळत नाही हे नेमकं सांगून. नाहीतर उत्तर येतं, पण ते विचारलेल्या प्रश्नाचं नसतं.

म्हणून पत्राआधी मोजणी.

रस्त्याची रुंदी म्हणजे डांबराची रुंदी नव्हे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या हद्दींमधली सगळी जागा रुंदीत येते : पदपथ, गटार, झाडांची आळी, विजेचा खांब, डीपी बॉक्स सगळं धरून. ‘गटार सोडून मोजा’ असं सांगणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात, त्यांचं ऐकू नये. दुसरी अट अशी की रुंदी रस्त्याच्या दिशेला काटकोनातच मोजायची. हे सांगायला सोपं आहे, पण घोटाळा इथेच होतो. आठ मीटरच्या रस्त्यावर टेप वीस अंशांनी तिरकी पडली तर ती साडेआठ मीटर दाखवते. माणूस आपल्या फाटकापासून समोरच्या फाटकापर्यंत टेप ताणतो, पण फाटकं समोरासमोर नसतात. अशाने अर्धा मीटर रस्ता विनाकारण वाढतो.

काटकोन काढायची गवंड्यांची पद्धत इथे कामाला येते. आपल्या भिंतीच्या कडेने तीन मीटरवर खडूची खूण करायची. सुरुवातीच्या बिंदूपासून रस्त्याच्या दिशेने चार मीटरवर दुसरी. या दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर पाच मीटर भरेपर्यंत दुसरी खूण डावी-उजवीकडे सरकवायची. पाच भरलं की काटकोन झाला. मग टेप त्याच रेषेत पुढे समोरच्या भिंतीपर्यंत न्यायची. टेप स्टीलची असावी, कारण कापडी टेप ओढली की लांबते. टोकाची कडी तुटलेली किंवा वाकलेली असेल तर शून्याऐवजी दहा सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजून तेवढं वजा करावं. असं किमान तीन ठिकाणी मोजायचं : भूखंडाच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये. कोपऱ्यावर, जिथे वळणासाठी हद्द गोल किंवा तिरपी कापलेली असते, तिथे माप घेऊ नये, तिथे रस्ता उगाच रुंद दिसतो. आपल्या सोसायटीत तीन मापं आली ८.०५, ७.९८ आणि ७.९४ मीटर. तिन्ही आठच्या आसपास आहेत आणि त्यांच्यात अकरा सेंटिमीटरचा फरक आहे. जुन्या, हाताने बांधलेल्या भिंतींच्या बाबतीत एवढा फरक चालायचाच. एक माप साडेआठ आणि दुसरं साडेसात आलं असतं, तर एखादी भिंत कुठेतरी सरकली आहे असा संशय घ्यायला जागा होती.

यानंतर मोजायची ती दर्शनी बाजू, ज्याला सगळे फ्रंटेज म्हणतात. भूखंडाची रस्त्याला लागलेली लांबी, एका हद्दीच्या कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. रुंदीच्या प्रश्नात लांबी कशाला, असं पुष्कळांना वाटतं आणि ते हे माप गाळतात. पण मंजूर नकाशातलं रस्त्याचं गणित उलगडायची किल्ली हीच आहे.

मंजूर नकाशाच्या एका कोपऱ्यात क्षेत्राचा तक्ता असतो. पहिल्या ओळीत भूखंडाचं एकूण क्षेत्र येतं. त्याखाली वजावटी, आणि त्यांत एक ओळ रस्त्याखाली किंवा रस्तारुंदीखाली जाणाऱ्या क्षेत्राची. शेवटी निव्वळ क्षेत्र. आपल्या सोसायटीच्या १९८७ च्या नकाशात त्या ओळीत १२.०० चौरस मीटर लिहिलेलं होतं. ६०० वजा १२, म्हणजे ५८८. सदतीस वर्षं हा तक्ता कपाटात होता आणि त्या बारा चौरस मीटरांकडे कुणी पाहिलं नव्हतं. आता त्या बाराला दर्शनी लांबीने भागायचं. जागेवर ती २३.९६ मीटर भरली, नकाशात २४.०० होती, म्हणजे जुळली. १२ भागिले २४ बरोबर ०.५० मीटर. नकाशा मंजूर करताना सोसायटीने रस्त्यासाठी अर्ध्या मीटरची पट्टी सोडायची होती. रस्ता तेव्हा आठ मीटरचा होता, दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर घेऊन तो नऊचा होणार होता. ‘९.०० मी.’ हा आकडा मंजुरीच्या दिवशी जागेवर नव्हताच, तो पुढे व्हायचा होता.

नकाशाचे रंगही तेच सांगतात. बांधकाम नकाशांच्या रंगसंकेतात भूखंडाची हद्द जाड काळी, अस्तित्वातला रस्ता हिरवा आणि भावी रस्ता तुटक हिरव्या रेषेने दाखवायची रीत आहे. पण सोसायट्यांच्या फायलीत असते ती झेरॉक्स. तिच्यात हिरवं काळं होतं, आणि असलेला रस्ता व होणार असलेला रस्ता यांतला फरक पुसला जातो. पालिकेत जाऊन मूळ रंगीत प्रत पाहिल्याशिवाय यावर बोलू नये. झेरॉक्सवर पट्टी ठेवून अंतर मोजणं तर साफ चूक, कारण यंत्र कागद दोन-तीन टक्के लहानमोठा करतं. विकास आराखड्याच्या पटावर मोजणं त्याहून वाईट. १:४००० या प्रमाणाच्या पटावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ म्हणजे जमिनीवरचे दोन मीटर. रेघेच्या आत सरकायचं की बाहेर, एवढ्यातच सोसायटीचा सगळा वाद मावतो. पटावर लिहिलेला आकडा वाचावा, रेघ मोजू नये.

आता राहिला प्रश्न, सोडायची पट्टी सोडली का? त्यासाठी तिसरं माप : मागच्या हद्दीच्या दगडापासून पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत. पट्टी सोडली असती तर खोली २४.५० भरायला हवी होती. भरली २५.०२. म्हणजे सोसायटीचीच भिंत पन्नास सेंटिमीटर रस्त्यात उभी आहे. नऊ मीटरला जो एक मीटर कमी पडतोय त्यातला अर्धा आपल्याच आवारात आहे, तिथे आता जास्वंद आणि दोन स्कूटर उभ्या आहेत. उरलेला अर्धा बहुधा समोरच्या भिंतीच्या आत असणार. पण समोरचा नकाशा हातात नसताना तसं लिहिता येत नाही, आणि लिहूही नये.

इथे बऱ्याच सोसायट्यांचे पाय मागे येतात. आपलंच अतिक्रमण आपण कशाला सांगायचं? पण ही गोष्ट लपवून लिहिलेलं पत्र पहिल्या स्थळपाहणीत उघडं पडतं, आणि मग समोरच्याबद्दल केलेल्या खऱ्या विधानावरही कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय ती पट्टी सोसायटीची म्हणून वाचवण्यासारखी नाही. ती १९८७ मध्येच क्षेत्रातून वजा झालेली आहे. तिच्या बदल्यात त्या वेळी जादा एफएसआय दिला होता का, हेही फाइलमध्येच कळेल. दिला असेल तर तिच्यासाठी पुन्हा मोबदला मागता येणार नाही. भिंत अर्धा मीटर मागे घेण्याचा खर्च, त्याने मोकळ्या होणाऱ्या पुनर्विकासापुढे किरकोळ आहे.

पत्र कुणाला लिहायचं, यातही चुका होतात. लोक थेट आयुक्तांना लिहितात किंवा अतिक्रमण विभागाला. आयुक्तांकडचं पत्र खाली उतरायला वेळ घेतं आणि अतिक्रमण विभागाला मंजूर रुंदी ठरवता येत नाही. महानगरपालिकेत हे काम नगररचना विभागाचं, बांधकाम परवानगीची फाइल त्यांच्याकडे किंवा शेजारच्या बांधकाम परवानगी विभागात असते. प्रत्यक्ष रस्ता राखणारा पथ विभाग, त्याला प्रत द्यावी. नगरपरिषद असेल तर पत्र मुख्याधिकाऱ्यांच्या नावे जातं. मुंबईत कायदा वेगळा, १८८८ चा, आणि रस्त्याची नियमित रेषा तिथे कलम २९७ खाली येते, पण प्रश्न विचारायची रीत हीच.

सोसायटीचं पत्र असं झालं :

प्रति,
मा. सहायक संचालक, नगररचना,
महानगरपालिका.

विषय : भूखंड क्र. १२ समोरील रस्त्याच्या मंजूर रुंदीची जागेवरील रुंदीशी पडताळणी करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) मंजूर रेखांकनाचा आदेश, क्रमांक व दिनांक. २) आमच्या इमारतीची बांधकाम परवानगी, सन १९८७, क्रमांक व दिनांक.

महोदय,

उपरोक्त संदर्भीय मंजूर नकाशात आमच्या भूखंडासमोरील रस्ता ९.०० मी. रुंद दर्शविला आहे. संस्थेने दोन साक्षीदारांसमक्ष जागेवर मापे घेतली असता भूखंडाची दर्शनी लांबी २३.९६ मी. आढळली. रस्त्याची रुंदी कंपाउंड भिंतीच्या बाहेरील बाजूपासून समोरील भिंतीच्या बाहेरील बाजूपर्यंत, काटकोनात, पूर्व टोकास ८.०५ मी., मध्यभागी ७.९८ मी. व पश्चिम टोकास ७.९४ मी. आढळली.

मंजूर नकाशाच्या क्षेत्र तक्त्यात रस्त्यासाठी १२.०० चौ. मी. क्षेत्र वजा केलेले आहे. दर्शनी लांबी विचारात घेता ही पट्टी ०.५० मी. रुंदीची होते. आमची सध्याची कंपाउंड भिंत या पट्टीच्या बाहेरील कडेवर असल्याचे आमच्या मोजणीवरून दिसते. पडताळणीनंतर ती मंजूर रेषेपर्यंत मागे घेण्यास संस्था तयार आहे.

तरी विनंती की,

१) सदर रस्त्याची विकास आराखड्यातील, मंजूर रेखांकनातील आणि नियमित रस्तारेषा ठरली असल्यास त्यानुसारची रुंदी लेखी कळवावी.

२) संयुक्त स्थळपाहणी करून भूखंडाच्या दर्शनी लांबीत रस्त्याची प्रत्यक्ष रुंदी मोजावी व पाहणीचा नकाशा द्यावा.

३) रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या मंजूर रस्तारेषा जागेवर आखून दाखवाव्यात.

४) वरील १२.०० चौ. मी. क्षेत्राचा ताबा महानगरपालिकेने घेतला असल्यास ताबा पावतीची प्रत द्यावी.

सोबत : मोजमापाचा हस्तनकाशा, टेपसह छायाचित्रे, मंजूर नकाशाची प्रत, मालमत्ता पत्रक.

आपले विश्वासू,
अध्यक्ष / सचिव

प्रत माहितीसाठी : कार्यकारी अभियंता, पथ विभाग.

या पत्रात ‘अतिक्रमण’ हा शब्द एकदाही नाही. ‘कठोर कारवाई’ नाही, ‘न्याय मिळावा’ नाही. तक्रार आली की कार्यालय दुसऱ्या पक्षाला नोटीस काढतं, त्याचं म्हणणं मागवतं, आणि फाइल त्या वाटेला लागते. पडताळणीची विनंती आली की कनिष्ठ अभियंत्याला टेप घेऊन जागेवर यावं लागतं. प्रत्येक मागणीचं उत्तर एक आकडा, एक कागद किंवा जमिनीवरची एक रेघ आहे. ‘रस्ता अरुंद आहे, लक्ष घालावे’ असं लिहिलं, तर ‘लक्ष घालण्यात येत आहे’ हे उत्तर पुरतं आणि पत्र दप्तरी दाखल होतं.

तिसरी मागणीही जपून घातलेली आहे. समोरच्यांच्या भिंतीविषयी सोसायटीने काहीच म्हटलेलं नाही. पण ‘दोन्ही बाजूंच्या’ रेषा आखल्या की समोरची भिंत कुठे आहे ते आपोआप दिसतं, आणि ते पालिकेच्या हातून दिसतं.

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक विभागाचा शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यायची. पोच नसलेलं पत्र दिलं नाही असंच धरलं जातं. ऑनलाइन तक्रार नोंदवण्याची सोय अनेक पालिकांत आहे, पण तिथे बहुधा नकाशे नीट जोडता येत नाहीत आणि ‘निकाली’ अशी नोंद पडून विषय संपतो. या कामासाठी कागदच बरा.

काही जण पत्राऐवजी माहिती अधिकाराचा अर्ज टाकतात. दोन्हींचं काम वेगळं आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा अर्ज दहा रुपयांत होतो आणि तीस दिवसांत उत्तराचं बंधन आहे. पण त्यातून मिळतं ते कार्यालयाच्या फायलीत आधीच असलेलं. अस्तित्वात नसलेली माहिती तयार करून देण्याचं बंधन नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. ‘रस्ता मोजून कळवा’ असं त्या अर्जात मागता येत नाही. मंजूर रेखांकनाची प्रमाणित प्रत, क्षेत्राचा तक्ता आणि ताबा पावती मात्र मागता येते, आणि फाइलची प्रत्यक्ष पाहणीही. ही पाहणी सर्वांत मोलाची, कारण मूळ रंगीत नकाशा तिथे डोळ्यांनी पाहता येतो. महाराष्ट्रात असा अर्ज एका विषयापुरता आणि साधारण दीडशे शब्दांत बसवायचा असतो. म्हणून मोजणीचं पत्र वेगळं आणि कागदपत्रांचा अर्ज वेगळा. शक्यतो अर्ज आधी. शेजारी नवा प्रकल्प उभा राहत असेल, तर त्याचा मंजूर नकाशा महारेराच्या संकेतस्थळावरही कुणालाही पाहता येतो. समोरच्या रस्त्याची रुंदी त्याने किती दाखवली आहे हे तिथे कळतं. एकाच गल्लीतल्या दोन मंजूर नकाशांत दोन वेगळ्या रुंदी दिसल्या, तर ते पत्रात संदर्भ म्हणून जोडावं.

उत्तर आलं की ते कुठल्या आकड्याबद्दल बोलतंय ते आधी पाहावं. ‘मंजूर नकाशानुसार रस्ता ९.०० मी. रुंद आहे’ हे उत्तर बिनचूक आहे आणि निरुपयोगीही, कारण ते सोसायटीने स्वतःच पत्रात लिहिलं होतं. हवी आहे ती ‘जागेवर मोजणी केली असता’ अशी सुरू होणारी ओळ. ती नसेल तर दुसरं पत्र लिहायचं, पहिल्याचा आवक क्रमांक देऊन आणि फक्त दुसऱ्या व तिसऱ्या मागणीपुरतं.

एका टप्प्यावर नगररचना विभागाचेही हात थांबतात. भिंत मंजूर रेषेच्या पुढे आहे की मागे, हे तो सांगू शकतो. पण मागच्या हद्दीचा दगडच जागचा हललेला असेल, तर भूखंड नेमका कुठून सुरू होतो हे ठरवणं भूमी अभिलेख खात्याचं काम. सोसायटीने घेतलेलं २५.०२ मीटरचं माप त्या दगडावरच उभं आहे. समोरच्यांनी हरकत घेतली, तर हद्द कायम मोजणीसाठी उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे शुल्क भरून अर्ज करावा लागतो. मोजणीनंतर मिळणारी ‘क’ प्रत हा खात्याच्या सहीचा नकाशा, पालिकेपुढे आणि कोर्टापुढेही त्याचं वजन टेपच्या मापापेक्षा कितीतरी जास्त. विकास आराखड्यात रस्ता बारा मीटरचा दाखवला असेल तर आणखी एक मर्यादा येते : ती जागा पालिकेने संपादित केलेली नसते किंवा मालकाने सोपवलेली नसते, तोवर ती खाजगीच राहते. भिंत त्या रेषेच्या आत आहे एवढ्यावरून समोरच्याने काही चुकीचं केलं असं होत नाही.

स्थळपाहणीचा दिवस कळला की सोसायटीच्या बाजूने तेच दोन-तीन जण हजर राहावेत, ज्यांनी आधी मापं घेतली. समोरच्या मालकांनाही सांगावं. त्यांच्या गैरहजेरीत आखलेली रेष नंतर वादात पडते. अभियंता मोजतो तेव्हा टेप काटकोनात आहे का आणि कुठल्या भिंतीच्या कुठल्या बाजूपासून धरली आहे, हे तिथल्या तिथे विचारायला हरकत नाही. भिंतीच्या आतल्या बाजूपासून धरली तर दोन्हीकडची मिळून जवळपास अर्धा मीटर जाडी रुंदीत मिसळते आणि साडेआठ मीटर लिहिले जातात. पंचनाम्यावर सही करण्याआधी आकडे स्वतःच्या वहीशी ताडून पाहावेत. जुळत नसतील तर ‘आमच्या मोजणीत ७.९८ आढळले’ अशी ओळ सहीच्या वर लिहावी आणि मग सही करावी.

मग अभियंता सोबतच्या मजुराला रंगाचा डबा काढायला सांगतो. भिंतीपासून पन्नास सेंटिमीटर आत, जास्वंदीच्या आळ्यातून, लाल रंगाची एक आडवी रेघ जाते. समोरच्या आवारात, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावरही तशीच एक. दोन्ही रेघांमधलं अंतर मुलगा पुन्हा एकदा टेप धरून मोजतो : नऊ मीटर एक सेंटिमीटर. सचिव आकडा लिहून घेतात, बाजूला तारीख आणि वेळ लिहितात, आणि दोन्ही रेघांचे टेपसह फोटो काढून घेतात, कारण हा रंग एका पावसाळ्यात धुऊन जातो.